सोया प्लांट: डीओसी बायप्रॉडक्ट धरली की तेलाची कॉस्ट का उड्या मारते

प्रश्न: आमचा सोयाबीन सॉल्व्हंट प्लांट आहे, SAP वर. बीओएममध्ये क्रूड तेल मेन मटेरियल आणि डीओसी बायप्रॉडक्ट धरलीय. डीओसीचा रेट बदलला की तेलाची प्रति टन कॉस्ट दर महिन्याला उड्या मारते. शिवाय नवा माल सुरू झाला की यील्ड एकदम तीन-चार टक्के कमी दिसतं आणि प्रॉडक्शनवाले म्हणतात प्लांट तोच, काही बदललं नाही. सेटिंग कुठे चुकलंय?

उत्तर:

दोन प्रश्नांची कारणं वेगळी आहेत. आधी कॉस्टचं बघू, कारण पैसा तिथे अडकलाय.

हिशेबापुरते सोपे आकडे धरतो. 100 टन बी, 45,000 रुपये टन म्हणजे 45 लाख. प्रोसेसिंगचे 2 लाख. एकूण 47 लाख. त्यातून 18 टन तेल आणि 81 टन डीओसी. तेल 1,10,000 रुपये टन आणि डीओसी 36,000 रुपये टन धरली, तर तेलाचे 19.8 लाख होतात आणि डीओसीचे 29.16 लाख. म्हणजे मालाची साठ टक्के किंमत ज्यात आहे त्याला तुम्ही बायप्रॉडक्ट म्हणताय.

बायप्रॉडक्ट धरलं की सिस्टिम काय करते? बीओएममध्ये डीओसीची क्वांटिटी उणे असते, रिसीट 531 मूव्हमेंटने पडते आणि मटेरियल मास्टरमधल्या भावाने ऑर्डरला क्रेडिट मिळतं. उरलेला सगळा खर्च तेलाच्या डोक्यावर. मास्टरमध्ये डीओसी 36,000 असेल तर तेलाला उरतात 17.84 लाख, म्हणजे टनाला साधारण 99,100. भाव पडला म्हणून मास्टरमध्ये 32,000 केलं की क्रेडिट 25.92 लाखांवर येतं आणि तेच तेल 1,17,100 ला पडतं. बी तेच, प्लांट तोच, तेल टनामागे 18,000 ने महाग. उलट मास्टर अपडेटच केला नाही तर तेल स्वस्त दिसत राहतं आणि गोडाऊनमधली डीओसी बाजारभावापेक्षा चढ्या भावाने पडून राहते. हे दुसरं जास्त घातक, कारण तेलाचे सौदे करणारा माणूस त्या स्वस्त आकड्यावर विश्वास ठेवून भाव देतो.

डीओसी कोप्रॉडक्ट करा. मटेरियल मास्टरमध्ये तेल आणि डीओसी दोन्हीला कोप्रॉडक्टचा टिक लागतो, बीओएममधल्या डीओसीच्या ओळीलाही लागतो आणि खर्च वाटपाचं प्रमाण जॉइंट प्रॉडक्शनमध्ये द्यावं लागतं. मग डीओसीची रिसीटसुद्धा 101 ने पडते आणि ऑर्डरचा खर्च ठरलेल्या प्रमाणात दोघांत वाटला जातो. आपल्या उदाहरणात प्रमाण तेल 40, डीओसी 60. तेल पडलं साधारण 1,04,450 ला आणि डीओसी 34,800 ला. डीओसीचा बाजारभाव 32,000 झाला तरी तेलाची कॉस्ट हलत नाही. तोटा डीओसीच्या साठ्यावर दिसतो, जिथे तो खरोखर आहे, आणि क्लोजिंगला तो साठा विक्रीमूल्यापर्यंत खाली आणता येतो.

वाटप वजनावर करू नका. तसं केलं तर दोन्ही माल 47,475 रुपये टनाने पडतात. तेलात प्रचंड नफा आणि डीओसीत कायमचा तोटा. प्रमाण विक्रीमूल्यावरच काढा. Ind AS 2 च्या परिच्छेद 14 मध्येही जॉइंट प्रॉडक्टसाठी हेच उदाहरण दिलंय आणि विक्रीमूल्य वजा करण्याची पद्धत किरकोळ बायप्रॉडक्टपुरती ठेवलीय. त्यामुळे ऑडिटरशीही वाद होणार नाही. प्रमाण दर महिन्याला बदलू नका, तिमाहीची सरासरी घ्या. महिन्याला बदललंत तर उड्या परत आल्याच. आणि वाटप एकूण खर्चाला लागतंय की प्रति टन, हे ट्रायल ऑर्डरमध्ये मुद्दाम डीओसी कमी बुक करून एकदा डोळ्यांनी बघा. फोलपट, चाळणीतला कचरा असल्या गोष्टी मात्र खुशाल 531 वर ठेवा.

आता यील्ड. इथे प्रॉडक्शनवाले बरोबर आहेत. तुम्ही ज्याला घट म्हणताय ते बहुतेक पाणी आहे.

डीओसी 12 टक्के मॉइश्चर आणि 1 टक्का तेल धरून विकली जाते समजू, म्हणजे तिच्यात तेल सोडून कोरडा भाग 87 टक्के. समजा बीच्या कोरड्या वजनात 21 टक्के तेल आहे. बी 10.5 टक्के मॉइश्चरचं असेल तर 100 टनात 89.5 टन कोरडा माल, त्यात 18.8 टन तेल आणि 70.7 टन बाकीचं. 70.7 भागिले 0.87 केलं की डीओसी 81.3 टन. तिच्यात 0.8 टन तेल राहतं, हातात येतं 18. बेरीज 99.3. तुमची रेसिपी याच्या आसपास लिहिलेली असणार.

ऑक्टोबरचा ओला माल 13.5 टक्क्यांचा आला. कोरडा माल 86.5 टन, त्यातून त्याच हिशेबाने डीओसी 78.5 आणि तेल 17.4. बेरीज 95.9. सव्वातीन-साडेतीन टक्के गेले, आणि प्लांटमध्ये एक किलोही वाया गेलं नाही.

म्हणून रेसिपीचं यील्ड 100 टन बीवर ठेवून प्लांटची परीक्षा घेऊ नका. बीच्या प्रत्येक बॅचला मॉइश्चर आणि तेल ही कॅरेक्टरिस्टिक लावा, लॅबचा आकडा तिथे भरा आणि अपेक्षित तेल-डीओसी वरच्या पद्धतीने त्या बॅचवरून काढा. तुलना त्या अपेक्षेशी. प्लांटची खरी गळती तेलाच्या ताळेबंदात दिसते: बीतून आलेलं तेल वजा टाकीत मोजलेलं तेल वजा डीओसीत राहिलेलं तेल. डीओसीतलं तेल 1 वरून 1.5 टक्क्यावर गेलं तर 81 टनांमागे 0.4 टन तेल डीओसीच्या भावाने विकलं गेलं. वरच्या भावांनी हे टनाला 74,000 रुपयांचं नुकसान. एकूण वजनाच्या बेरजेत ते कधीच दिसणार नाही, कारण वजन तेवढंच राहतं.

इथे खरेदीची एक गोष्ट तपासा. ओल्या मालाचं वजन कापून पैसे देत असाल, तर स्टॉकमध्ये काट्याचं वजन घेतलंय की कापलेलं? कापलेलं घेऊन प्लांटला काट्याचं वजन इश्यू केलं तर बीचा स्टॉक कमी पडतो आणि वर्षअखेरीला कुणीतरी ॲडजस्टमेंट मारतो. स्टॉकमध्ये काट्याचंच वजन घ्या, कपात भावात बसवा.

आणि बीओएममध्ये स्क्रॅप टक्का भरलाय का बघा. 18 आणि 81 यांत घट आधीच धरलेली आहे. वर बीच्या ओळीला 2 टक्के कंपोनंट स्क्रॅप दिला असेल तर सिस्टिम 102 टन बी मागते आणि स्टँडर्ड कॉस्ट त्या मानाने फुगते. मग प्रत्येक ऑर्डरला खोटं फेवरेबल व्हेरिअन्स येतं. काढून टाका.

बदल महिन्याच्या मधे करू नका. जुन्या ऑर्डर तयार होताना बीओएम उचलून बसलेल्या असतात, त्यांना नवा टिक लागत नाही. त्या सगळ्या टेक्निकली कम्प्लीट करून सेटल करा, महिना बंद होऊ द्या, मग नवं बीओएम, नवं वाटप आणि नवी कॉस्ट रन. डीओसीचा जुना साठा नव्या भावावर आला की फरक रीव्हॅल्युएशनला पडेल. तो आकडा आधीच काढून फायनान्सच्या हातात द्या, नाहीतर पहिल्या महिन्याच्या रिपोर्टवर सगळे तुम्हालाच विचारतील.