सोव्हिएत संघ का फुटला? कारणांची सरमिसळ कशी टाळावी

प्रश्न: सोव्हिएत संघाच्या विघटनावर निबंध लिहिताना आर्थिक, राजकीय आणि राष्ट्रवादी कारणं वेगळी कशी करायची? सगळी एकमेकांत मिसळतात.

प्रत्येक कारणाला एकच प्रश्न विचारा: यामुळे संघ दुबळा झाला, की यामुळे तो १९९१ मध्येच फुटला? बहुतेक निबंध इथेच घसरतात. रिकामी दुकानं, रांगा, अफगाणिस्तानचा खर्च असं सगळं लिहून थेट शेवटावर उडी मारतात.

अर्थव्यवस्था सत्तरच्या दशकापासूनच मंदावत होती. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि धान्य आयातीसाठी लागणारं परकीय चलन आटलं. पण १९९० च्या रिकाम्या दुकानांना सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्या सुधारणांचाही मोठा हातभार होता. १९८७ च्या कायद्याने सरकारी कारखान्यांना पगार वाढवायला मोकळीक मिळाली, मात्र बहुतेक वस्तूंचे दर सरकारनेच बांधलेले राहिले. लोकांच्या हाती रूबल वाढले, माल वाढला नाही. म्हणजे टंचाई आर्थिक असली तरी तिचं एक मूळ राजकीय निर्णयात आहे. निबंधात हे जरूर लिहा.

राजकीय भागात माझ्या मते कळीचा मुद्दा कम्युनिस्ट पक्षाचा आहे. १९७७ च्या राज्यघटनेत प्रजासत्ताकांना संघातून फुटून निघण्याचा हक्क होता, पण सगळीकडे एकाच पक्षाची सत्ता असल्याने तो कागदावरच राहिला. मार्च १९९० मध्ये कलम ६ बदलून पक्षाची मक्तेदारी संपवली आणि त्या कागदी हक्काला जीव आला. जूनमध्ये खुद्द रशियाने सार्वभौमत्व जाहीर केलं.

राष्ट्रवाद सगळीकडे सारखा नव्हता. १९४० मध्ये बळजबरीने सामील केलेल्या बाल्टिक देशांना बाहेर पडायचंच होतं, मध्य आशियाला तशी घाई नव्हती. खरी कसोटी युक्रेनची. मार्च १९९१ च्या सार्वमतात तिथल्या सुमारे ७० टक्के मतदारांनी नव्या स्वरूपातला संघ टिकवावा असा कौल दिला. त्याच युक्रेनमध्ये १ डिसेंबरला ९० टक्क्यांहून अधिक मतं स्वातंत्र्याच्या बाजूने पडली, रशियन भाषिकांचं मोठं प्रमाण असलेल्या दोनेत्स्कमध्येही ८० टक्क्यांच्या वर. नऊ महिन्यांत कुणाची अस्मिता एवढी बदलत नाही. मधे ऑगस्टचा फसलेला उठाव झाला. गोर्बाचेव्हना नजरकैदेत ठेवून कट्टर कम्युनिस्टांनी २० ऑगस्टला व्हायचा, प्रजासत्ताकांना जास्त अधिकार देणारा नवा संघकरार रोखला. त्यानंतर मॉस्कोतल्या केंद्रावर कुणाचाच भरवसा उरला नाही, आणि स्थानिक कम्युनिस्ट नेत्यांनाही स्वतंत्र देशाचं सत्ताधारी होणं जास्त सुरक्षित वाटू लागलं. युक्रेनचे नेते लिओनिद क्रावचुक हे त्याचं ठळक उदाहरण. ८ डिसेंबरला रशियाचे येल्त्सिन आणि बेलारूसचे शुश्केविच यांच्यासोबत त्यांनीच संघ संपवणाऱ्या करारावर सही केली.

युक्रेनचा हा परिच्छेद निबंधाच्या मध्यभागी ठेवा. आर्थिक संकटाने संघ पोखरला, पण युक्रेन बाहेर का पडला याचं उत्तर राजकीय आणि राष्ट्रवादी कारणं एकत्र आणल्याशिवाय देता येत नाही.