बँकआयडीत लॉगिन कुठलं आणि सही कुठली?

प्रश्न: स्वीडनमध्ये नवीन आहे. बँकआयडी हे इथलं डिजिटल ओळखीचं अ‍ॅप पिन मागतं तेव्हा मी नुसतं लॉगिन करतोय की कशावर सही करतोय, हे कसं कळणार? मला दोन्ही स्क्रीन सारख्याच दिसतात.

उत्तर: पिनवरून काहीच कळत नाही, तो दोन्हीकडे एकच असतो. बघायचं ते क्रियापद. अ‍ॅप स्वीडिशमध्ये असेल तर लॉगिनला `Legitimera` दिसतं, म्हणजे ‘मी तोच आहे’ एवढंच तुम्ही सांगता. सहीला `Skriv under` येतं. शेजारीच विनंती कुणाकडून आली त्याचं नाव असतं, तेही वाचा.

खाली मजकूर दिसला म्हणजे सहीच, असं मात्र धरू नका. सहीच्या विनंतीसोबत मजकूर पाठवणं ती विनंती करणाऱ्या सेवेला बंधनकारक आहे, पण लॉगिनसोबतही ती हवं तर दोन ओळी पाठवू शकते.

समजा घराचा भाडेकरार ऑनलाइन करायचाय. ईमेलमधली लिंक उघडली की करार पाहण्याआधीच बँकआयडी मागतात. ते बहुधा `Legitimera` असतं. पिन टाकला की पीडीएफ उघडते, पण करार अजून झालेला नसतो. बरेच जण इथेच ‘झालं’ समजून फोन ठेवतात आणि दोन दिवसांनी घरमालकाचा मेसेज येतो. पीडीएफ वाचून पानावरचं सहीचं बटण दाबलं की अ‍ॅप पुन्हा उघडतं. आता `Skriv under`, आणि खाली ‘अमुक नावाच्या दस्तऐवजावर मी सही करतो’ अशा अर्थाचा मजकूर.

गोम इथे आहे. अ‍ॅपमध्ये अख्खा करार दिसत नाही, सेवेने पाठवलेला मजकूर तेवढा दिसतो. पीडीएफचा हॅश, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून काढलेला आकडा, सहसा न दिसणाऱ्या भागात जातो आणि सहीला जोडला जातो. त्यामुळे भाडं किती, नोटीस किती महिन्यांची, हे सगळं पीडीएफमध्येच वाचून घ्यायचं. अ‍ॅप उघडल्यावर ते शोधायला जागाच नसते.

पैशांच्या बाबतीत उलट, तिथे तो छोटा मजकूरच महत्त्वाचा. स्विश या पैसे पाठवायच्या अ‍ॅपने पैसे पाठवताना रक्कम आणि घेणाऱ्याचं नाव तिथेच दिसतं. कुणी फोनवर ‘तुमच्या खात्यातून जाणारे पैसे थांबवतो, फक्त ओळख पटवा’ म्हणत असेल आणि स्क्रीनवर `Skriv under` व रक्कम असेल, तर पैसे थांबत नाहीयेत, जातायत. पण म्हणून `Legitimera` निरुपद्रवी असं नाही हं: लॉगिन त्या माणसाने सुरू केलेलं असेल तर तुमच्या पिनने तो तुमच्या बँकेत शिरतो.

आत्ता तुम्ही स्वतः जे सुरू केलंत त्याच्याशी नाव किंवा क्रियापद जुळत नसेल तर `Avbryt` दाबा. त्याने काही बिघडत नाही, विनंती रद्द होते आणि खरंच हवी असेल तर सेवेच्या पानावरून पुन्हा सुरू करता येते.