पहिल्या भेटीच्या आठवणीचा संदेश

प्रिय मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या मैत्रिणीला पहिल्या भेटीची आठवण म्हणून पाठवायच्या संदेशाचा तुझा मसुदा मी दोनदा वाचला. "तू भेटलीस आणि माझे आयुष्य उजळून निघाले" हे वाक्य मनापासून लिहिलेले आहे, पण ते कोणीही कोणालाही लिहू शकेल. शिवाय ओळखीला जेमतेम सात महिने झालेले असताना एवढे मोठे वाक्य हाती पडले की उत्तरादाखल तेवढेच मोठे काहीतरी लिहिण्याचे ओझे तिच्यावर येते.

तू मला सांगितलेली हकिकत मात्र त्यात कुठेच नाही, याची मला फार चुटपुट लागली. नाटकाला तू उशिरा पोहोचलास, एका अनोळखी मुलीला "ही खुर्ची माझी आहे" असे ठामपणे सांगितलेस, तिने एक शब्दही न बोलता तुझे तिकीट मोबाइलच्या उजेडात धरले, रांगेच्या अक्षरावर बोट ठेवले, आणि तुझी जागा मागच्या रांगेत निघाली. संदेश त्या बोटापासून सुरू व्हायला हवा. मी असा लिहीन:

"सात महिन्यांपूर्वी आजच्याच तारखेला मी तुला तुझ्याच खुर्चीवरून उठवायला निघालो होतो. त्या खुर्चीवरील माझा दावा मी आज रीतसर मागे घेत आहे. मात्र रांगेच्या अक्षरावर बोट ठेवताना तू हसली होतीस की नाही, हे मला अंधारात दिसले नव्हते. आता तरी सांग."

यात प्रेम हा शब्द एकदाही आलेला नाही, तरी सात महिन्यांनंतरही तिचे बोट तुझ्या लक्षात आहे, एवढ्यावरून तिला सगळे कळेल. फजिती तुझी आहे, म्हणून थट्टा तिला बोचणार नाही. ती त्या संध्याकाळी एकटी का आली होती, हे तिने नंतर तुला विश्वासाने सांगितले, ते थट्टेत कदापि आणू नकोस. शेवटचा प्रश्न तर काढूच नकोस, कारण त्या प्रसंगाची तिची अशी वेगळी आठवण असणार आणि ती सांगायला तिला जागा मिळाली पाहिजे. ती कदाचित म्हणेल की तू ठामपणे नव्हे, चाचरतच बोलला होतास. तसे झाले तर दुरुस्त करायला जाऊ नकोस. तिची हकिकत पूर्ण ऐकून घे.

तारीख तेवढी तिकिटावर पडताळून पाहा. पहिली भेट आणि दोघे ठरवून भेटलात तो दिवस यांची अनेकांच्या मनात गल्लत होते, आणि चुकीच्या दिवशी पाठवलेला हा संदेश अगदीच फिका पडेल. नाटक सुरू होण्याच्या सुमारास पाठव. तिचे उत्तर काय आले, ते मला सांगितले नाहीस तरी चालेल.

तुझा,
काका