आधी हात धू, मग बोट टोच

तुझ्या आजीची रक्तातली साखर मोजायची मशीन नवी आहे म्हणतेस, तर आमच्या बुढीचं ऐक. मशीन आणल्यावर तिसऱ्याच सकाळी उपाशीपोटी तिची साखर ३१२ आली, आदल्या दिवशी १४२ होती. माय घाबरली. मी आजीची बोटं पाहिली, तर नखांत संत्र्याचा पिवळा रस! अंगणात बसून नातवंडांना फोडी सोलून देत होती. स्वतः एकही खाल्ली नव्हती.

बोटावरचा रस रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि मशीन त्याचीही साखर मोजते. साबणाने हात धुतले, कोरडे पुसले, नवी पट्टी लावली. १४८. स्पिरिटचा बोळा फिरवून हा रस पुरता निघत नाही. अन् ओल्या बोटाने थेंब पातळ होऊन आकडा खोटाच कमी येऊ शकतो.

निंदणाने घट्टे पडलेल्या बोटातून रक्त लवकर येत नाही. पिळू नकोस. हात थोडा वेळ खाली लोंबू दे आणि बोटाच्या कडेला टोच, तिथं दुखतंही कमी. धुतल्यावरही आकडा तसाच चढा आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना कळव.

आजी आता मलाच विचारते, "पोरी, तुये हात धुतले का?"