पेपरबॅक आणि ईबुकची किंमत ठरवताना: एका कथासंग्रहाचा हिशेब

प्रश्न: मी धुळ्याची. १७६ पानांचा कथासंग्रह स्वतःच काढते आहे, आत कानबाईच्या उत्सवाचे फोटोही आहेत. मागणीनुसार छपाईचा खर्च प्रतीला ९० रुपये येतो आणि ऑनलाइन विक्रीवर प्लॅटफॉर्म छापील किमतीच्या ४० टक्के कापतो. आपल्याकडचा वाचक महाग पुस्तक घेत नाही, म्हणून पेपरबॅक १५० आणि किंडल ईबुक ९९ ठेवू का?

उत्तर:

ताई, १५० ला तुमच्या हातात काहीच उरत नाही. दीडशेचे ६० टक्के म्हणजे ९०, आणि ते सगळे छपाईत गेले. पुस्तक विकलं जाईल, रॉयल्टीच्या रकान्यात मात्र शून्य दिसेल. छपाईखर्चाला ०.६ ने भागलं की ही तळाची रेघ कळते. त्याखाली प्लॅटफॉर्म बहुधा किंमतच घेणार नाही.

आता २०० आणि २५० शेजारी ठेवून बघा. २०० ला १२० मिळतात, छपाई जाऊन ३० उरतात. २५० ला १५० मिळतात, ६० उरतात. किंमत पावपट वाढली आणि तुमचा वाटा दुप्पट झाला, कारण छपाईचे ९० जागचे हलत नाहीत. याचाच दुसरा अर्थ असा की २५० मुळे निम्मे वाचक गळाले तरी एकूण कमाई २०० इतकीच राहते. पन्नास रुपयांसाठी निम्मे वाचक पाठ फिरवतील असं मला अजिबात वाटत नाही. ओळखीचा लेखक आणि आपल्या भागातल्या कथा असल्या की वाचक तेवढ्यासाठी अडत नाही.

शिवाय आपल्याकडे बरीच विक्री हातोहात होते. प्रकाशनाच्या कार्यक्रमात, संमेलनाच्या टेबलावर वाचक सवलत मागतोच आणि ती द्यावीच लागते. तुमच्या घरी आलेली प्रत वाहतुकीसह १०० ला पडते असं धरा. २५० वर २० टक्के सोडून २०० ला दिली तर १०० उरतात. जळगाव-धुळ्याच्या दुकानदाराला ४० टक्के दिले तरी ५० उरतात. हेच २०० छापून केलंत तर दुकानातून हाती फक्त २० येतील, आणि न विकलेल्या प्रती परत आणण्याचा खर्च त्यातूनच जाईल. मागच्या कव्हरवर छापलेली किंमत खाली आणता येते, वर नेता येत नाही. म्हणून २५० छापा.

ईबुकची गोष्ट जरा वेगळी आहे आणि तुमच्या पुस्तकात फोटो असल्यामुळे इथे जास्त लक्ष द्यावं लागेल. किंडल ईबुक ज्यावरून काढतात त्या ॲमेझॉनच्या केडीपीवर रॉयल्टीचे ३५ आणि ७० टक्के असे दोन पर्याय आहेत. ७० टक्क्यांत किमतीतून आधी डिलिव्हरी खर्च वजा होतो, भारतात दर एमबीला ७ रुपये, आणि उरलेल्याचे ७० टक्के मिळतात. ३५ टक्क्यांत हा खर्च कापला जात नाही. फोटोंसह फाइल ८ एमबी झाली तर ५६ रुपये डिलिव्हरीतच जातील. मग ९९ किमतीला ७० टक्क्यांत मिळतील ३०, आणि ३५ टक्क्यांत जवळपास ३५! डिलिव्हरी खर्च किमतीच्या निम्म्याहून जास्त झाला की ७० टक्क्यांचा पर्याय तोट्याचा ठरतो.

तेच फोटो लहान करून फाइल १ एमबीवर आणा आणि किंमत १४९ ठेवा. १४९ मधून ७ गेले, उरलेल्या १४२ चे ७० टक्के म्हणजे ९९ रुपये. पेपरबॅकच्या ६० पेक्षा जास्त, आणि वाचकाला मात्र शंभर रुपये कमी. छपाईसाठीचे मोठे फोटो ईबुकच्या फाइलमध्ये तसेच टाकू नका; फाइल चढवल्यावर किमतीच्या पानावर रूपांतरित आकार आणि डिलिव्हरी खर्च दिसतो, तो बघूनच पर्याय निवडा.

७० टक्क्यांची एक अट पेपरबॅकशी बांधलेली आहे. ईबुकची किंमत छापील पुस्तकापेक्षा किमान २० टक्के कमी हवी. पेपरबॅक १५० असता तर ईबुक १२० च्या वर नेताच आलं नसतं. २५० मुळे २०० पर्यंत वाव मिळतो.

दुसरी अट जास्त गंभीर आहे. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर केडीपी सिलेक्टमध्ये, म्हणजे ९० दिवस ईबुक फक्त ॲमेझॉनवर ठेवण्याच्या योजनेत, जावं लागतं. त्या ९० दिवसांत डिजिटल मजकूर दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, अगदी फुकटसुद्धा. नमुना म्हणून १० टक्क्यांपर्यंत चालतो. संग्रहातल्या कथा तुम्ही फेसबुकवर किंवा ब्लॉगवर पूर्ण टाकल्या असतील तर आधी काढून घ्या. दिवाळी अंकात छापून आलेल्यांची अडचण नाही, फक्त त्या अंकाची डिजिटल आवृत्ती निघाली आहे का ते संपादकांना विचारा. छापील पुस्तकाला हे बंधन लागत नाही, ते कुठेही विका.

प्लॅटफॉर्मला एक गोष्ट लेखी विचारून घ्या: त्यांनी परस्पर सवलत दिली तर तुमची रॉयल्टी छापील किमतीवर मोजणार की विक्री किमतीवर? विक्री किमतीवर असेल तर २० टक्के सवलतीत २५० चे २०० होतील आणि तुमचे ६० पुन्हा ३० वर येतील.