हरवलेल्या भागाची चौकशी

‘जुन्या कार्यक्रमांचे जे भाग पुसले गेले, त्यांच्याबद्दलचे किस्से खरे की खोटे हे कसे ठरवतात?’

भाग गेला तरी त्याच्या विक्रीच्या आणि उसनवारीच्या नोंदी बऱ्याचदा शिल्लक असतात, आणि किस्सा आधी त्यांच्याशी ताडून पाहावा लागतो. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेबद्दलचा एक किस्सा मला यासाठी फार उपयोगी वाटतो.

‘द टेन्थ प्लॅनेट’ या कथेचा चौथा भाग 29 ऑक्टोबर 1966 रोजी दाखवला गेला. त्याच्या शेवटी विल्यम हार्टनेल यांनी साकारलेला मालिकेचा नायक, डॉक्टर, पहिल्यांदाच रूप पालटून दुसऱ्या अभिनेत्याच्या रूपात येतो. हा भाग आज उपलब्ध नाही, आणि वर्षानुवर्षे असे सांगितले जाई की 1973 मध्ये ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमाने त्याची शेवटची प्रत उसनी नेली व परत केलीच नाही. यावर सहज विश्वास बसतो, कारण रूपांतराचे ते काही सेकंद ‘ब्लू पीटर’मध्ये दाखवले गेल्यामुळेच वाचले आहेत.

अशा वेळी मी पहिला प्रश्न विचारतो : कोणती प्रत? मूळ चित्रफिती महाग असल्याने पुसून पुन्हा वापरल्या जात. मात्र परदेशी विक्रीसाठी त्यांवरून 16 मिमी फिल्मच्या प्रती काढलेल्या असत. त्या बीबीसी एंटरप्रायझेस या विक्री विभागाकडे राहत, आणि फिल्म लायब्ररी हे वेगळेच कोठार होते. आता तारखा जुळवून पाहिल्या, तर 1973 मध्ये ‘हरवलेली’ कथा एंटरप्रायझेस 1974 च्या अखेरीपर्यंत चारही भागांसह विकायला काढत होती, आणि लायब्ररीकडे त्या भागाची प्रतच नव्हती. मग उसनवारीची गोष्ट आली कुठून? लायब्ररीकडे ‘द डालेक्स मास्टर प्लॅन’चा चौथा भाग होता, तो 1973 मध्ये खरोखर ‘ब्लू पीटर’कडे गेला आणि परतला नाही. एकाच मालिकेतल्या दोन चौथ्या भागांची गल्लत झाली, एवढेच.

भागात काय घडले, याविषयीचा दावा असेल तर पुरावा बदलतो. प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून केलेल्या ध्वनिमुद्रणांमुळे या मालिकेच्या सर्व हरवलेल्या भागांचा आवाज उपलब्ध आहे, त्यामुळे संवादाबद्दलचा वाद तिथेच मिटतो. कोण कुठे उभे होते हे मात्र आवाज सांगत नाही. त्यासाठी जॉन क्युरा यांनी प्रक्षेपण चालू असताना पडद्याचीच टिपलेली छायाचित्रे पाहावी लागतात, आणि तीही सर्व भागांची नाहीत. संहिता हाती असली तरी ती काय ठरले होते तेवढेच सांगते, म्हणून संहिता आणि ध्वनिमुद्रण यांत फरक पडला तर मी ध्वनिमुद्रणाला मानतो. कलाकाराने तीस वर्षांनी मुलाखतीत सांगितलेली आठवण, ती कितीही रंगतदार असो, मी सर्वांत शेवटी धरतो.