नकार सरांना आणि नकार मित्राला

‘सरांनी मुलाच्या मुंजीचं आमंत्रण दिलंय, पण जाता येणार नाही. “मी येऊ शकत नाही” असं लिहिलं तर उद्धट वाटेल का? मित्राला “नाही येत रे” म्हणतो, तेच सरांना अहो-जाहो करून चालेल?’

उद्धट नाही, पण कोरडं वाटेल. आणि नुसतं ‘रे’ काढून ‘सर’ लावल्याने भागत नाही. मराठीत नकाराचा आदर सर्वनामापेक्षा वाक्याच्या रचनेत जास्त असतो.

‘मी येणार नाही’ या वाक्यात ‘मी’ कर्ता आहे. न येण्याचं मीच ठरवलंय, असा त्याचा सूर लागतो. ‘मला यायला जमणार नाही’ म्हटलं की ‘मी’चा ‘मला’ होतो आणि ‘जमणं’ ही माझ्या हातात नसलेली गोष्ट ठरते. ‘माझं येणं होणार नाही’ यात आणखी एक पायरी मागे सरकलेली आहे. ‘येणं’च कर्ता झालंय, मी त्याचा नुसता मालक उरलोय. थोरांना नकार देताना आपण नकळत या पायऱ्या उतरत जातो. ‘येऊ शकत नाही’ व्याकरणाला धरून आहे, पण त्यात ‘मी’ पुन्हा समोर येऊन उभा राहतो. त्यापेक्षा ‘येता येणार नाही’ बरं. जुन्या पत्रांतलं ‘राग नसावा’ही याच जातीचं. ‘तुम्ही रागावू नका’ म्हणजे थोरांना केलेली सूचना झाली. ‘राग नसावा’मध्ये ‘तुम्ही’ही वाक्याबाहेर.

मित्राशी नेमकं उलट. तिथे ‘मी’ आणि ‘तू’ दोघंही वाक्यात खुशाल चालतात, आणि ‘नाही’ क्रियापदाच्या आधी उडी मारतं: ‘नाही जमत रे’, ‘मी नाही येत जा’. मित्राला ‘माझं येणं होईल असं वाटत नाही’ लिहून बघा. पुढच्या मिनिटाला फोन येईल, ‘काय झालं? रागावलास का?’

समजा, त्याच दिवशी तुमच्या बहिणीचा साखरपुडा सोलापूरला आहे. सरांना असं लिहा:

‘नमस्कार सर. मुंजीचं आमंत्रण मिळालं, खूप आनंद झाला. त्याच दिवशी बहिणीचा साखरपुडा सोलापूरला ठरला आहे, त्यामुळे येणं जमणार नाही. राग नसावा. पुढच्या रविवारी बटूला भेटायला घरी येईन, आपल्याला सोयीचं असेल तर.’

मित्राच्या घरची मुंज असती तर:

‘अरे नाही जमत रे, ताईचा साखरपुडा नेमका त्याच दिवशी कडमडलाय. शिव्या भेटल्यावर घाल. माझ्या वाटची जिलबी तूच हाण.’

पहिल्या निरोपात नकाराच्या वाक्यात ‘मी’ कुठेच नाही, पण भेटायला जायचं म्हटल्यावर ‘येईन’मधून तो परत आला आहे. नकार परिस्थितीचा आणि शब्द माझा, असा हा मामला. दोन्हीकडे कारण मात्र एकच आणि स्पष्ट आहे. ‘जरा अडचण आहे’ एवढंच लिहू नका. मुंजीसारख्या कार्यात वडीलधारी माणसं ‘अडचण’ या शब्दाचा सुतक, सोयर किंवा बाई असेल तर पाळी असा अर्थ लावून मोकळी होतात.

आदराच्या नादात होणारी एक गडबड मला जास्त खटकते: ‘बघतो सर’, ‘प्रयत्न करतो’. मित्राला ‘बघतो’ म्हटलं की तो ओळखतो, हा काही येत नाही. पण सरांच्या घरी तुमचं पान धरलं जातं आणि केटररला दिलेल्या आकड्यात तुम्ही जाऊन बसता. ‘जमेल असं वाटत नाही’ हेही धूसरच. रचना मऊ ठेवा, पण ‘जमणार नाही’ पक्कं असू द्या. ‘क्षमस्व’ तर मी घालणारच नाही. ते वाचलं की मला बंद पडलेल्या लिफ्टवरची पाटी दिसते.

आता वडीलधाऱ्यांमध्येही एक अपवाद आहे. बहुतेक मराठी घरांत आई आणि आजी ‘अगं’ असतात. वयाने सगळ्यात मोठी असली तरी आजीला सरांचा साचा लावायचा नाही. ‘आजी, माझं येणं होणार नाही, राग नसावा’ ऐकून ती हसेल तरी, नाहीतर ‘बरं नाही का रे तुला?’ म्हणून कपाळाला हात लावून बघेल. तिला ‘नाही गं जमत आजी, पुढच्या शनिवारी येतो, तेव्हा थालीपीठ कर’ हेच बरोबर. सासूबाईंना मात्र ‘अहो’च, आणि ‘जमणार नाही’च्या आधी कारण. कारण नंतर आलं, तर तोवर त्यांचं तुमच्याबद्दलचं मत होऊन गेलेलं असतं.